पंधरा बाय वीसच्या खोलीत चोवीस जण: ऑफिसच्या खेळांची एक दुपार कशी आखली

भोसरीतलं एक वितरण कार्यालय. पंपांचे सुटे भाग विकणं आणि बसवलेल्या पंपांची दुरुस्ती करणं हे काम. माणसं चोवीस: हिशेब विभागात आठ, विक्रीत सात, सर्व्हिसमध्ये नऊ. शुक्रवारी तीन ते साडेचार हा वेळ मिळाला आणि जागा म्हणून मीटिंगची खोली. बाहेर पार्किंगमध्ये काही करायचं तर ऊन, आणि मालाच्या गाड्यांची ये-जा. हॉल भाड्याने घ्यायला मंजुरी नव्हती. साडेचारला त्याच खोलीत दुसरी मीटिंग ठरलेली, त्यामुळे पाच मिनिटंही पुढे सरकण्याची सोय नव्हती.

पहिलं काम खेळ शोधण्याचं नसतं, खोली मोजण्याचं असतं. इंच टेप घेऊन मोजली तेव्हा खोली पंधरा फूट रुंद, वीस फूट लांब निघाली. मधोमध आठ बाय चारचं जड टेबल. त्याच्या पोटातून चार्जिंगच्या वायरी जमिनीत गेलेल्या, म्हणजे ते हलणार नाही. लांबीकडच्या दोन्ही टोकांना सहा-सहा फूट मोकळे, दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच. एका टोकाच्या भिंतीवर टीव्ही आणि त्याखाली बुटकं कपाट, समोरच्या भिंतीत मध्यावर दार. टेबल आणि कपाट वजा केलं तर माणशी अकरा चौरस फूटसुद्धा भरत नाहीत. खुर्च्या त्यातच.

एवढ्यात चोवीस जण बसतील. उभेही राहतील. पण चोवीस जण एकाच वेळी हलू शकणार नाहीत, आणि सगळं गणित इथेच अडतं. खेळ निवडताना "किती जण खेळू शकतात" असं सगळे विचारतात. लहान खोलीत त्याऐवजी "एका क्षणी किती जण हलतात, आणि बाकीच्यांच्या हाताला तेव्हा काय काम आहे" हे विचारावं लागतं. एका वेळी बारा जण हलले तर ही खोली पुरते. उरलेल्या बारांना नुसतं बघत ठेवलं तर पाचव्या मिनिटाला मोबाइल बाहेर येतात आणि दुपार तिथेच संपते.

या चाळणीतून नेहमीचे खेळ भराभर गळाले. संगीत खुर्चीत निम्मे लोक मध्यावरच बाद होऊन भिंतीला टेकतात, आणि टेबलाचे कोपरे मांडीला लागतात ते वेगळंच. हातात हात गुंफून गाठ सोडवण्याच्या खेळात अंगाला अंग लागतं. ऑफिसात बायका-पुरुष, साहेब-शिपाई सगळे असताना कुणी ना कुणी अवघडतंच, आणि अवघडलेला माणूस तसं बोलून दाखवत नाही. बोटांवर काठी तोलून सगळ्यांनी मिळून ती खाली आणायची, हा खेळ छान आहे, पण आठ-दहा फुटांची मोकळी पट्टी लागते आणि खेळतात आठच जण. अंताक्षरी आणि दमशेराज यांना जागा लागत नाही, पण त्यात तेच पाच-सहा हौशी लोक खेळतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. शिवाय भिंतीपलीकडे फोनवर ऑर्डरी घेणारं दुसरं ऑफिस होतं. फुगेही त्यामुळेच बाद.

वेळ उलटी मोजली. साडेचारला खोली रिकामी हवी, म्हणजे चार वीसला चहा आणि आवराआवर. तीनला बोलावलेले लोक तीन दहाला जमतात, हे धरूनच चालायचं. त्यावर चिडण्यात अर्थ नसतो, कुणाचा तरी ग्राहक फोनवर असतोच. मधे उरली सत्तर मिनिटं. त्यात तीनच खेळ बसतात. चौथा बसवता येईल असं कागदावर दिसतं, पण कागदावर दिसत नाहीत ती एका खेळातून दुसऱ्यात जाताना लागणारी मिनिटं: खुर्च्या सरकवणं, "आता काय करायचंय?" हा प्रश्न, कुणाचं तरी पाणी पिणं. दर बदलाला तीन-चार मिनिटं जातातच. शेवटी आराखडा असा ठरला: सुरुवातीच्या मुक्या रांगेला सूचनेसकट आठ मिनिटं, जागेवर बसायला तीन, सांगून चित्र काढण्याला पंधरा, हलायला चार, कागदी मनोऱ्याला अठ्ठावीस, मोजमापाला पाच, बोलण्याला सात. बरोबर सत्तर.

गट पाडण्यासाठी पत्त्यांचा कॅट वापरला. "एक-दोन-तीन-चार" म्हणत गट पाडले की शेजारी बसलेले मित्र जागा बदलून पुन्हा एकत्र येतात. चिठ्ठ्या उचलल्या की योगायोगाने हिशेबातले चौघे एकाच गटात येऊ शकतात. पत्त्यांमध्ये दोन्ही गोष्टी बांधता येतात. चारही रंगांचे एक्का ते छक्की असे चोवीस पत्ते काढले: इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर हे चार गट, प्रत्येकात सहा जण. मग विभागवार तीन गठ्ठे केले. हिशेबातल्या आठ जणांना सगळे एक्के आणि दुर्र्या. सर्व्हिसच्या नऊ जणांना सगळ्या तिर्र्या, सगळ्या चौक्या आणि किलवरची पंजी. विक्रीच्या सात जणांना उरलेल्या तीन पंज्या आणि चार छक्क्या. आता पत्ता कुणी कसाही उचलला तरी प्रत्येक गटात हिशेबाचे दोघे येतातच. किलवरमध्ये सर्व्हिसचे तिघे आणि विक्रीचा एक, बाकी तिन्ही गटांत दोन-दोन.

पत्ते दारातच वाटायचे आणि वाटताना नावासमोर पत्ता लिहून घ्यायचा. लिहून घेतलं नाही तर खोलीत शिरेपर्यंत अदलाबदल झालेली असते. गैरहजेरी आली तरी ताण नाही. आयत्या वेळी तिघे साइटवर अडकले. त्यांचे पत्ते बाजूला ठेवले, तीन गट पाच जणांचे झाले आणि खेळ तसेच चालले. मात्र एका गटातले दोन कमी होऊन दुसरा पूर्ण राहत असेल तर एक पत्ता बदलून द्यावा. सहाविरुद्ध चार ही तक्रार शेवटपर्यंत पुरते.

साहेबांनाही पत्ता द्यायचा, त्यात चर्चा नाही. त्यांना परीक्षक केलं की बाकीचे त्यांच्याकडे बघत खेळतात. त्यांना सोफ्यावर बसवलं तर ती तपासणी वाटते.

सामानाची यादी लहान होती, पण प्रत्येक वस्तूमागे कारण होतं. मनोऱ्याचा मूळ खेळ जगभर प्रसिद्ध आहे. पीटर स्किलमन यांनी तो तयार केला आणि टॉम वूजेक यांच्या 2010 सालच्या भाषणामुळे तो सगळीकडे पोचला. त्यात चार जणांच्या गटाला स्पॅगेटीच्या वीस कच्च्या काड्या, यार्डभर चिकटपट्टी, यार्डभर दोरी आणि एक मार्शमेलो मिळतो. अठरा मिनिटांत उंच मनोरा बांधून मार्शमेलो टोकावर ठेवायचा. तो दिसतो हलका, पण शेवटच्या मिनिटाला ठेवला की मनोरा झुकतो, हीच त्यातली मेख. आपल्याकडे तो जसाच्या तसा नेण्यात दोन अडचणी येतात. मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं, ते जनावरांपासून बनतं, आणि ऑफिसात कडक शाकाहारी मंडळी असली तर प्रश्न येतो. दुसरं, स्पॅगेटी तुटते आणि तिचे बारीक तुकडे कार्पेटमध्ये अडकतात. साडेचारला खोली परत करायची असताना ते वेचत बसणं परवडत नाही.

म्हणून काड्यांच्या जागी वर्तमानपत्र आणि मार्शमेलोच्या जागी लिंबू. लिंबाला मूळ खेळाहून एक गुण जास्त आहे: ते घरंगळतं. नुसतं टोक उंच करून भागत नाही, लिंबू बसेल अशी वाटी किंवा कडं करावं लागतं. लिंबं एकाच आकाराची घ्यावीत आणि दोन जास्तीची, नाहीतर "आमचं मोठं होतं" हा वाद ठरलेला. लिंबू पाहून मिरची कुठाय असा विनोद कुणीतरी करणारच, त्याला तीस सेकंद द्यावीत.

वर्तमानपत्रं सगळी एकाच दैनिकाची हवीत. कागदाची जाडी आणि आकार दैनिकागणिक बदलतात. गुळगुळीत पुरवण्या काढून टाकाव्यात, त्यांच्या नळ्या एकमेकींवरून सरकतात. सोळा पानी अंकात चार पानं मिळून एक मोठा ताव, असे चार ताव निघतात. प्रत्येक गटाला आठ ताव द्यायचे तर चार गटांना बत्तीस, म्हणजे आठ अंक. आणखी दोन अंक सरावासाठी. रद्दीवाल्याकडे जाण्याचीही गरज पडली नाही, ऑफिसच्याच गठ्ठ्यातून निघाले.

पट्टी मात्र साधी सेलोटेप नको. तिला कात्री लागते, टोक सापडत नाही आणि सनमायकावर डाग राहतो. रंगाऱ्यांची कागदी मास्किंग टेप हाताने फाटते आणि उचलताना काही मागे ठेवत नाही. एक इंच रुंदीचा एक रोल घेतला. प्रत्येक गटाला एक मीटर, तो आधीच तोडून खुर्चीच्या पाठीवर उभा चिकटवून ठेवला. हे आधी केलं नाही तर खेळातली तीन मिनिटं टेप मोजण्यात जातात.

त्याखेरीज चित्रांसाठी ए-फोर कागद, वीस-पंचवीस पेन्सिली, एक इंच टेप, भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं घड्याळ आणि टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घालायला पुठ्ठ्याची घडी. ही घडी विसरू नका, तिचं काम पुढे येतं. शिट्टी आणायची नाही. अशा खोलीत ती कानात घुसते आणि शेजारच्या ऑफिसातही जाते. गप्प करण्यासाठी ट्यूबलाइटचं बटण एकदा बंद-चालू करायचं. बोलणारे लोकही उजेड हलला की वर बघतात.

मुकी रांग पहिली ठेवण्यामागे कारण उशिरा येणारे लोक. न बोलता, वाढदिवसाच्या क्रमाने उभं राहायचं, एक जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत. फक्त तारीख आणि महिना. साल विचारायचं नाही, वय हा ऑफिसात नाजूक विषय आहे. मधेच आलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. तो बोटं दाखवतो आणि आपल्या जागी शिरतो. रांगेला माणशी दीड फूट धरली तर छत्तीस फूट लागतात आणि सरळ भिंत आहे वीस फुटांची. म्हणून दारापासून भिंतीकडेने वळत जाणारी नालेसारखी रांग ठरवली, दाराच्या डावीकडे जानेवारी, उजवीकडे डिसेंबर. ही दोन टोकं कागदावर लिहून चिकटवायची. तेवढं केलं नाही तर दोन जानेवाऱ्या तयार होतात.

इथला गोंधळ नेहमी एकाच जागी होतो. एकजण आधी तारीख दाखवतो, दुसरा आधी महिना. तीन बोटं आणि मग सात: हा तीन जुलै की सात मार्च? दोन्ही हातांचं एक-एक बोट म्हणजे अकरा की दोन? ही गोष्ट आधी सांगायची नाही, लोकांनाच काढू द्यायची. बहुतेक वेळा कुणीतरी हवेत "J" किंवा "M" काढतं, बाकीचे ते उचलतात, आणि अडकलेला मधला भाग अर्ध्या मिनिटात सुटतो. पाच मिनिटांनी थांबवून एका टोकापासून मोठ्याने तारखा बोलायला लावायच्या. दोन-तीन जण चुकलेले निघतात, हशा होतो आणि खोलीतला अवघडलेपणा जातो. मोबाइल खिशातच राहिले पाहिजेत. कुणीतरी स्क्रीनवर तारीख टाइप करून दाखवायला लागलं की सगळे तेच करतात.

दुसऱ्या खेळात एकजण चित्र पाहून सांगतो आणि बाकीचे न पाहता काढतात. याची नेहमीची रीत पाठीला पाठ लावून बसलेल्या जोड्यांची. ती या खोलीत चालत नाही, कारण बारा जण एकाच वेळी बोलायला लागतात. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या वर आवाज चढवतो आणि मिनिटाभरात कुणालाच काही ऐकू येत नाही. म्हणून सांगणारा गटात एकच ठेवला. खोलीत चार आवाज, चार कोपऱ्यांत. गटाने कोपऱ्याकडे तोंड करून बसायचं, तीन खुर्च्या पुढे आणि दोन मागे. सांगणाऱ्याने टेबलाला पाठ टेकून त्यांच्या मागे उभं राहायचं. त्याचा आवाज आपल्याच गटाच्या पाठीवर जातो, चारही सांगणारे एकमेकांकडे पाठ करून असतात. एवढ्या बदलाने कलकलाट खूप कमी होतो. कोपऱ्यात पाच खुर्च्या बसतात की नाही हे आदल्या दिवशी खरोखर ठेवून पाहावं. कपाटाच्या बाजूला एक खुर्ची तिरकी ठेवावी लागली.

चित्र कसं असावं हे महत्त्वाचं. त्याला नाव देता आलं की खेळ संपला. घर, मासा, होडी असं काही असेल तर सांगणारा एका शब्दात मोकळा होतो. वापरलेलं एक चित्र असं होतं: मोठा चौकोन, त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर अर्धं आत, अर्धं बाहेर असं वर्तुळ, चौकोनाच्या आत एक त्रिकोण, पण त्याचा तळ चौकोनाला न टेकलेला, त्रिकोणाच्या शेंड्यापासून डावीकडे चौकोनाबाहेर जाणारी तिरकी रेघ, तिच्या टोकाला भरीव ठिपका, आणि चौकोनाखाली तीन आडव्या रेघा, त्यातली मधली आखूड. तपासायला सात मुद्दे काढले: या सहा गोष्टी जागच्या जागी आहेत का, आणि सातवा, चित्र कागदात मावलं का.

पहिल्या फेरीत काढणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे नाहीत. चार मिनिटं. मग दोन मिनिटांत शेजारच्या गटाशी कागद बदलून सात मुद्द्यांवर गुण. दुसऱ्या फेरीत वेगळं चित्र, वेगळा सांगणारा आणि प्रश्नांना मोकळीक. पुन्हा चार आणि दोन. गुण वाढलेले दिसतात, पण त्याहून मजेची गोष्ट म्हणजे पहिल्या फेरीत बिघाड कुठे होतो ती. पहिल्या अर्ध्या मिनिटातच होतो. सांगणारा थेट "एक चौकोन काढा" म्हणतो. कागद उभा की आडवा, चौकोन केवढा, कागदाच्या कुठल्या भागात, हे राहून जातं. काढणारे कागद फिरवायला लागले की समजावं. सर्व्हिसची माणसं इथे हुशार निघतात. फोनवर ग्राहकाला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला आहे ते सांगायची त्यांना सवय असते. पत्त्याच्या आकड्यावरून सांगणारा ठरवायचा, पहिल्या फेरीला तिर्री, दुसरीला दुर्री. "कोण सांगणार?" असं विचारलं तर सगळे साहेबांकडे किंवा बोलक्या माणसाकडे बघतात. साहेबांच्या हाती छक्की होती, म्हणजे ते दोन्ही वेळा काढणाऱ्यांतच बसले. तेच बरं.

आता मनोरा. मूळ खेळ चार जणांच्या गटाचा आहे. सहा जणांत दोघे बांधतात, दोघे सल्ले देतात आणि दोघे हाताची घडी घालून उभे राहतात. आणि चोवीस जण टेबलाभोवती मावतही नाहीत. टेबलाचा घेर चोवीस फूट, म्हणजे बारा जणांना माणशी दोन फूट. म्हणून खेळच दोन पाळ्यांत तोडला. टेबलावर टेपने चार भाग आखले, प्रत्येक गटाला चार बाय दोनची जागा. समपत्ते, म्हणजे दुर्री, चौकी, छक्की, आधी टेबलाशी. विषमपत्ते, म्हणजे एक्का, तिर्री, पंजी, भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर. त्यांनी नळ्या वळायच्या. मागे वळून बघायचं नाही. तयार नळ्या एक्क्याने पाठीमागे हात करून न बोलता द्यायच्या. नऊ मिनिटांनी थांबवायचं, एक मिनिट बोलून काम हातात द्यायचं आणि पाळी बदलायची. पुढची नऊ मिनिटं विषमपत्ते बांधतात. समपत्त्यांनी बघायचं, पण तोंड उघडायचं नाही, आणि मनोऱ्याला हात लावायचा नाही.

सुरुवातीला तीन मिनिटं सूचना, त्यात लिंबू सगळ्यांच्या हातात देऊन पाहायचं. मग दोन मिनिटं सगळ्या गटाने मिळून ठरवायचं, सामानाला हात न लावता. सूचनांचा अर्धा पानी कागद प्रत्येक गटाला दिला. तोंडी सांगितलेला नियम पाचपैकी दोघांना वेगळाच ऐकू येतो. शेवटच्या एका मिनिटात लिंबू वर, हात बाजूला, आणि दहा सेकंद ते टिकलं तरच उंची मोजायची. टेबलापासून लिंबाच्या तळापर्यंत. एवढं सगळं पंचवीस मिनिटांत होतं, तीन मिनिटं हाताशी राहतात, आणि ती लागतातच.

नळी कशी वळली यावर निम्मा निकाल ठरतो. तावाच्या कडेने वळली तर ती जाड आणि पोकळ होते, मधेच मोडते. एका कोपऱ्यातून सुरू करून तिरकी, पेन्सिलीभोवती घट्ट वळली तर लांब आणि कडक काठी मिळते. तिची दोन्ही टोकं मात्र मऊ राहतात. ती बोटभर आत दुमडून घ्यावी लागतात. जोड करताना टोकाला टोक लावून टेप गुंडाळणं ही सगळ्यात सामान्य चूक. एक नळी दुसरीच्या आत चार बोटं सरकवली की टेप कमी लागते आणि जोड वाकत नाही. पाया तीन काठ्यांचा, खाली पसरट, हा सगळ्यात खात्रीचा. चार पायांचा मनोरा एक पाय आखूड झाला की डुगडुगतो.

मीटरभर टेप पुरत नाही असं सगळ्यांना वाटतं, आणि पहिल्या पाळीतच दोन गटांनी तिची पाऊण लांबी संपवली होती. दुसऱ्या पाळीच्या माणसांना ते बदलीच्या मिनिटात कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते "वर अजून दोन लावा" एवढंच. कुठला जोड लेचापेचा आहे, लिंबासाठी काही सोय केली आहे का, हे राहून गेलं. मनोरा लिंबू पेलेल की नाही ते आधी ओळखता येतं: टेबलाला बोटाने हलकं टिचकवायचं. टोक दोन-तीनदा हलून थांबलं तर ठीक. हलतच राहिलं तर वरचा मजला काढून टाकावा. असं करायला कुणी तयार होत नाही, उंची कमी होते ना. त्या दुपारी सगळ्यात उंच बदामचा होता. लिंबू ठेवल्यावर तो मधल्या जोडात हळूच दुमडला. जिंकली चौकट, तीन फूट सात इंच उंचीने. त्यांच्या पंजीने टोकाला उरलेल्या कागदाचं कडं करून ठेवलं होतं.

टेबल एकच असल्याने एका गटाचा धक्का बाकीच्या तिघांना बसतो. म्हणून ती पुठ्ठ्याची घडी. आणि लिंबू ठेवायच्या मिनिटात कुणीही टेबलाला टेकायचं नाही, हा नियम सूचनांच्या कागदावर ठळक लिहिलेला.

पंखा बंद ठेवावा लागतो, हे आधी लक्षात येत नाही. टेबलाच्या बरोबर वर पंखा असला तर वारा थेट मनोऱ्यावर येतो आणि उंच मनोऱ्याचं टोक पात्यांच्या जवळ जातं. पंखा बंद, आणि खोलीत वीसहून जास्त माणसं, म्हणजे उकाडा. अडीचपासून एसी लावून खोली गार करून ठेवली आणि खेळाच्या वेळी एसीच्या पट्ट्या वर छताकडे वळवल्या. झुलती हवा बंद. ती चालू राहिली तर दर काही सेकंदांनी मनोरा हलतो आणि लोकांना कारण कळत नाही.

शेवटची सात मिनिटं बोलण्याची. "काय शिकलात?" असं विचारलं की टीमवर्क, कम्युनिकेशन अशी तयार उत्तरं येतात आणि सगळे चहाकडे बघतात. दोनच प्रश्न विचारले. दुसऱ्या पाळीवाल्यांना: काम हातात आलं तेव्हा काय माहीत नव्हतं? पहिल्या पाळीवाल्यांना: गप्प बसून बघताना काय सांगावंसं वाटत होतं? एकजण म्हणाली, "टेप संपत आल्येय हे मला दिसत होतं, पण पुढच्यांना ते दिसतच असेल असं वाटलं." लगेच सर्व्हिसवाला म्हणाला, "मॅडम, आमच्या जॉबकार्डाचं हेच होतं. सकाळच्याने अर्धं काम केलेलं असतं, कार्डावर फक्त ‘पेंडिंग’ लिहिलेलं असतं." त्यानंतर आयोजकाला काही बोलावं लागलं नाही. घड्याळाकडे लक्ष ठेवणं एवढंच उरलं, कारण ही चर्चा अर्धा तास चालली असती.

खाणं शेवटीच. वडापाव आधी आला की तेलकट हातांना टेप चिकटत नाही आणि कागदावर डाग पडतात. चहावाल्याला चार वीसची वेळ दिली आणि चहा खोलीबाहेर, जिन्याजवळच्या टेबलावर ठेवायला सांगितला. त्यामुळे लोक आपोआप बाहेर निघाले आणि आत चौघांनी आवरलं: कागद एका पोत्यात, टेपच्या रेघा उपटल्या, खुर्च्या जागेवर. सहा मिनिटं लागली.

हे सगळं दोन दिवस आधी जेवणाच्या सुटीत चार जणांना घेऊन करून पाहायचं. सगळे खेळ पूर्ण नाही. एक चित्र सांगून काढायचं आणि एक मनोरा अर्धा बांधायचा. चित्र फार सोपं आहे का, टेप पुरते का, सूचनांच्या कागदातलं कुठलं वाक्य दोन अर्थांनी वाचलं जातं, हे तेवढ्यात कळतं.

नव्वदऐवजी पाऊण तासच मिळाला तर सगळे खेळ आखडून बसवू नयेत. सुरुवातीची पाच मिनिटं उशिराची आणि शेवटची पाच आवरण्याची धरली तर हातात पस्तीस उरतात. मुकी रांग सोडावी, पत्ते दारातच वाटून थेट मनोऱ्यावर यावं. पाळ्या नऊऐवजी आठ मिनिटांच्या कराव्यात, मोजमाप तीन मिनिटांत उरकावं. बोलण्याची सात मिनिटं मात्र तशीच ठेवावीत. आणि माणसं तीसच्या वर असतील तर याच खोलीत दोन तुकड्या कराव्यात, एक तीनला आणि दुसरी चारला. मग टेबलावरच्या टेपच्या रेघा मधे काढायच्या नाहीत, आणि लिंबं मात्र नवी घ्यायची. पहिल्या तुकडीची तोवर पिचलेली असतात.